गाडीवर उरलेली मोसंबी

अण्णांचा हिशोब खिशात असायचा. शर्टाच्या वरच्या खिशात मार्केट यार्डाचे पैसे, म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे माल घ्यायला लागणारे. पॅन्टच्या उजव्या खिशात घरचे. डाव्या खिशात चिल्लर. वरच्या खिशाला हात लावायचा नाही, मग घरात काही का होईना. आठवडाभर हे चालायचं आणि रविवारी रात्री उजव्या खिशात जे उरेल तो नफा. कधी कधी काहीच उरायचं नाही. मग अण्णा म्हणायचे, "माल गाडीवर आहे की."

मी दहावीची परीक्षा दिली ते २०१५ साल. सुट्टीत संध्याकाळी गाडीवर बसायला लागले. पुण्यात एका शाळेच्या भिंतीला लागून आमची फळांची हातगाडी. गिऱ्हाईक नसताना करायला काही नसायचं, म्हणून शाळेची उरलेली एक दोनशे पानी वही घेतली आणि डावीकडे खरेदी, उजवीकडे विक्री असं लिहायला सुरुवात केली. दोन आठवड्यांनी बेरीज मारली तर आम्ही चांगलेच पैसेवाले निघालो. ती वही अण्णांना दाखवली. त्यांनी पान उलटून पाहिलं आणि म्हणाले, "मग हे पैसे कुठायत? मला पण दाखव."

माझी चूक साधी होती. पेरू पस्तीसने घेतला, साठने विकला, किलोमागे पंचवीस सुटले, असं मी धरत होते. पस्तीसचा पेरू गाडीपर्यंत पस्तीसचा राहत नाही, हे मला यार्डात गेल्याशिवाय कळलं नसतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा पहाटेचे साडेचार. गुलटेकडीला त्या वेळी भर दुपारसारखी वर्दळ. गाळ्यासमोर क्रेटची थप्पी, वरचं झाकण काढून ठेवलेलं, वरच्या थरात एकसारखी मोठी फळं. अण्णा वरच्या थराकडे बघायचेच नाहीत. बोटं सरळ खाली घालून तळचं एक फळ वर काढायचे. तळाशी बारीक माल असतो, दबलेला असतो, आणि विकायचा तर सगळाच असतो. पेरू डेखाजवळ किती पिवळा झालाय ते बघायचं, अंगठा हलकेच टेकवायचा. खूण उमटली तर तो आजच्या आज जायला हवा. क्रेटमधली निम्मी फळं अशी असली तर तो माल कितीही स्वस्त असला तरी आपला नाही. मग भाव. भावावर आडत, म्हणजे गाळेवाल्याचं कमिशन, शिवाय तोलाई, हमाली. पुढे टेम्पोत चौघांचा माल एकत्र, त्याचं भाडं वाटून. गाडीवर आल्यावर जागेची पावती, पिशव्या, चहा.

आडतीचा रकाना माझ्या वहीत पहिल्या वर्षी नव्हता. २०१६च्या जुलैमध्ये सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची बंद केली आणि ती खरेदीदारावर टाकली. यार्डात काही दिवस बंद, वादावादी, मग सगळं सुरू. शेतकऱ्याच्या बाजूने निर्णय बरोबरच होता, माझं त्यावर काही म्हणणं नाही. पण खरेदीदार म्हटला की डोळ्यासमोर मोठा व्यापारी येतो, आणि दोन क्रेट घेणारे अण्णाही खरेदीदारच. त्यानंतर अण्णा भाव विचारायचे तो "सगळ्यासकट किती" असाच विचारायचे. तरीही बिल हातात पडलं की सगळ्यात काही ना काही राहिलेलं असायचं.

मग घट. हा शब्द यार्डात सगळे वापरतात आणि त्यात बरंच काही मावतं. क्रेटमधले कागद आणि पाला वजनात आलेला असतो. पेरू दिवसभर उन्हात वाळतो, सकाळी भरलेला किलो संध्याकाळी तेवढा भरत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला काटा थोडा झुकता द्यावा लागतो, आणि एखादी आजी "नातवासाठी" म्हणून एक उचलते. नासलेलं फळ निदान दिसतं तरी. घट दिसत नाही, ती बेरजेत सापडते.

हे सगळं कळल्यावरही माझी एक वजाबाकी बराच काळ चुकत होती, आणि ती चूक पुष्कळ शिकलेली माणसंही करतात. शंभरातले पंधरा किलो वाया गेले तर खर्च पंधरा टक्क्यांनी वाढला, असं मी धरायचे. प्रत्यक्षात चाळीसच्या भावाने वीस किलो घेतले, म्हणजे आठशे रुपये गेले. तीन किलो टाकले, सतरा उरले. आठशे भागिले सतरा, सत्तेचाळीस. म्हणजे सात रुपये वाढले, पंधरा टक्क्यांचे सहा नव्हेत. गेलेल्या फळांचं ओझं उरलेल्या थोड्याच फळांनी उचलायचं असतं. एका रुपयाचा फरक तो काय, असं वाटेल. पण दिवसाला चाळीस किलो माल असेल तर तो एक रुपया म्हणजे आमच्या घरचं दूध होतं.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले त्या दिवसाकडे येते. ४ ऑक्टोबर २०१७, बुधवार. पान अजून आहे, त्यावर मोसंबीच्या रसाचा डागही आहे.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. नवरात्रात उपासामुळे गाडी दुपारीच रिकामी व्हायची, आणि तो हात अजून अण्णांच्या अंगात होता. उपास संपले होते, ते मात्र उपासवाल्यांसारखाच माल घेऊन आले. पेरूचे दोन क्रेट, चाळीस किलो, पस्तीसने. सीताफळ एक क्रेट, वीस किलो, साठने. मोसंबी तीस किलो, चाळीसने. चौदाशे, बाराशे, बाराशे, एकूण ३,८०० चा माल. आडत-हमाली-तोलाईचे ३३०, टेम्पोचे १५०, जागेची पावती, पिशव्या आणि चहा-नाश्ता मिळून आणखी १५०. सगळे मिळून ४,४३० रुपये.

सकाळी आठला भवानी झाली. मग बराच वेळ काही नाही. ऑक्टोबरचं ऊन, शाळा सुटेपर्यंत रस्ता ओस. सीताफळाने तर दुपारीच डोळे उघडायला सुरुवात केली. सीताफळाचं असं असतं, की डोळ्यांच्या मधल्या रेघा पांढरट-पिवळ्या होऊन पसरल्या की ते उद्या खायला तयार. बोटाने मऊ लागलं तर आजच. आणि मऊ झाल्यावर कुणी हाताळलं की डेखापाशी फुटतं. फ्रिजमध्ये ठेवून वेळ काढावा म्हटलं तर साल काळी पडते आणि मग कुणी हात लावत नाही. अण्णांनी मऊ फळं वेगळ्या पाटीत काढली, तेवढ्यात दोन किलो फुटलेली निघाली.

रात्री साडेनऊला गाडी झाकली तेव्हा पेरू चोवीस किलो साठने गेला होता, सहा किलो संध्याकाळी चाळीसने. तीन किलो घट आणि नासका. सात किलो शिल्लक. सीताफळ अकरा किलो शंभरने, तीन किलो पन्नासने, दोन फुटलं, चार शिल्लक. मोसंबी अठरा किलो साठने, बारा शिल्लक, एकही खराब नाही. गल्ला मोजला. चार हजार दहा.

मी वहीत लिहिलं, तोटा ४२०. खाली दोन रेघा मारल्या.

अण्णांनी पाहिलं. "तोटा कसा? गाडीवर तेवीस किलो माल आहे."

खरंच होतं. मग मी तो माल बिलाच्या भावाने धरला. मोसंबीचे ४८०, पेरूचे २४५, सीताफळाचे २४०, एकूण ९६५. त्यातून ४२० गेले, राहिले ५४५. तोटा खोडून नफा ५४५ लिहिलं. एका मिनिटात हजाराच्या घरात फरक पडला होता आणि गल्ल्यात एक पैसाही हललेला नव्हता.

"हे पण नाही," अण्णा म्हणाले. त्यांनी पाटीतलं एक सीताफळ उचललं. "हे उद्या साठने कोण घेईल? तूच सांग."

मग गाडीच्या कडेला बसून आम्ही दोघांनी एकेक पाटी बघितली. मोसंबीची साल जाड, आठवडा निघतो, तिचा भाव उद्याही तोच. तिचे ४८० पुरते धरायचे. पेरूचे सात किलो उद्या सकाळी निवडले तर तीन टाकावे लागतील, चार राहतील, तेही तीसने. १२० धरायचे. सीताफळातलं निम्मं उद्या गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखं राहील, तेही सकाळच्या सकाळी, चाळीसने. ८० धरायचे. बेरीज ६८०. त्यातून ४२० वजा. दोनशे साठ.

तोटा ४२०, नफा ५४५, नफा २६०. दिवस एकच, गाडी एकच. अण्णांचं बोट तिसऱ्यावर होतं.

पुढे बी.कॉम.ला हिशेबशास्त्राच्या तासाला सरांनी अखेरच्या साठ्याचं मूल्यांकन शिकवलं. मालाची किंमत किंवा त्यातून प्रत्यक्ष मिळू शकणारी रक्कम, दोन्हींत जी कमी ती धरायची. वर्गात सगळे लिहून घेत होते. माझ्या डोळ्यासमोर अण्णांच्या हातातलं सीताफळ आलं. फरक एवढाच की पुस्तकातला साठा ३१ मार्चला एकदाच मोजतात आणि आमच्या गाडीवर ३१ मार्च रोज रात्री साडेनऊला यायचा.

त्या बुधवारनंतर, गुरुवारी मी मुद्दाम ताडून पाहिलं. पेरूचे १२० धरले होते, १०५ आले. सीताफळाचे ८० धरले होते, ९० आले. मोसंबी शनिवारपर्यंत पुरली. त्या दिवशी यार्ड बंद असायचं आणि गाडीवर ताजं काही नसायचं, तेव्हा तिनेच लाज राखली. कागदावर रोजचा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण बिलाचा भाव धरला असता तर बुधवारी मी ५४५ म्हणून खूश झाले असते आणि गुरुवारी विनाकारण तोटा दिसला असता. नासलेल्या पेरूचा दोष मग गुरुवारच्या गिऱ्हाइकांवर गेला असता. तो बुधवारच्या खरेदीचा होता.

याच बेरजेतून अण्णांच्या भावाचं कोडंही सुटलं. मला आधी वाटायचं ते अंदाजाने भाव ठोकतात. चाळीसची मोसंबी साठने, म्हणजे दीडपट. पस्तीसचा पेरू साठने, साठचं सीताफळ शंभरने, म्हणजे दीडपटीच्याही वर. जे फळ लवकर जातं त्याच्यावर जास्त चढवायचं. त्या दिवशीच्या पेरूचं मी मांडून बघितलं. बिल चौदाशे, आडत आणि टेम्पोचा त्याच्या वाट्याचा भाग पावणेदोनशे. चाळीस किलोतून आजचे तीन आणि उद्याचे तीन गेले, चौतीस विकण्यासारखे राहिले. किलोला सेहेचाळीसच्या वर पडला. पस्तीसचा पेरू गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाईपर्यंत आम्हालाच सेहेचाळीसला पडतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "यार्डात तर पस्तीसने मिळतो." मिळतो. वीस किलो घ्या, पहाटे चारला उठा.

संध्याकाळच्या भावावरून मात्र मी एकदा फसले होते, अगदी सुरुवातीला. वही नवीन, अक्कल नवीन. मी नियम केला होता की खरेदीच्या खाली विकायचं नाही. रात्री पावणेनऊला एक बाई आल्या, पाच किलो पेरू राहिलेला, म्हणाल्या पंचवीसने सगळा देता का. अण्णा घरी जरा पाठ टेकायला गेले होते, ते अजून परतले नव्हते. मी बिल पाहिलं, पस्तीस. "परवडत नाही," म्हटलं. बाई गेल्या. सकाळी त्यातला दोन किलो तीसने गेला आणि बाकीचा गल्लीतल्या शेळीने खाल्ला. सव्वाशे मिळत होते, साठ मिळाले. वर तो जुना पेरू सकाळच्या ताज्या मालाशेजारी मांडला होता. एक नासका आंबा आढी नासवतो हे मला म्हण म्हणून माहीत होतं, पण पिकलेलं फळ वायू सोडतं आणि शेजारच्याला पिकवतं, हे पेरूलाही लागू आहे हे त्या दिवशी हाताला लागलं. शिवाय शिळा माल दिसला की गिऱ्हाईक सगळ्याच पाटीत बोटं खुपसतं.

अण्णा ओरडले नाहीत. "बिल कालचं असतं पोरी, गिऱ्हाईक आत्ताचं," एवढंच म्हणाले. गेलेले पस्तीस गेले. रात्री पावणेनऊला विचारायचं ते एवढंच, की हा पेरू उद्या सकाळी किती देणार. पंधरा देणार असेल तर पंचवीस म्हणजे दहा रुपये जास्त.

मग मला वाटलं, असं असेल तर रोज सातलाच भाव पाडू, शिल्लक राहायलाच नको. त्यालाही अण्णांची हरकत. आमच्या रस्त्यावर कचेरीतून घरी जाणारी मंडळी होती, रोजची. त्यांना एकदा कळलं की साडेआठला पेरू स्वस्त होतो, की साडेसहाला साठने कोण घेणार? म्हणून अण्णा भाव कधी ओरडून पाडायचे नाहीत. गाडीच्या मागच्या कोपऱ्यात वाटे लावायचे. दोन पेरू, एक मऊ सीताफळ, एक मोसंबी असा मिसळ वाटा, तीसला. वाट्याला किलोचा भाव नसतो. घेणाऱ्याला स्वस्त पडलेलं कळतं, पण किती स्वस्त ते कळत नाही, आणि पाटीतल्या पेरूचा साठ रुपये भाव जागच्या जागी राहतो. हे कुठल्या पुस्तकात आहे का ते मी अजून शोधते आहे.

त्या बुधवारी रात्री दोनशे साठच्या खाली मी आणखी एक रकाना काढला होता. पहाटे चार ते रात्री साडेनऊ. मधली तासा-दीड तासाची झोप वजा केली तर सोळा तास. दोनशे साठ भागिले सोळा. उत्तर मी पेन्सिलने अगदी बारीक लिहिलं, पण अण्णांची नजर पाटीच्या तळाशी जायची सवयीची.

"हे काय?"

"तुमची मजुरी. तासाची."

त्यांनी वही जरा लांब धरून आकडा वाचला. सोळा रुपये पंचवीस पैसे.

"आईची कुठाय?" ते म्हणाले. "सकाळी माल ती निवडते. पेरू पुसते ती."

मी तिचे दोन तास मिळवले. आकडा आणखी खाली गेला. अण्णा काही बोलले नाहीत, गाडीवर ताडपत्री ओढायला लागले. दोरी बांधता बांधता म्हणाले, "ते राहू दे. उद्या सीताफळ किती आणू ते सांग."

मी पान उलटून मागचे चार दिवस पाहिले. दसऱ्यापर्यंत क्रेट संपत होतं, त्यानंतर रोज चार-पाच किलो उरत होतं, आणि उरलेल्यातलं निम्मं फुटत होतं. विकलं जात होतं ते चौदा किलोच्या आसपास, आणि त्यातलंही शेवटचं पन्नासने.

"दहा किलो," म्हटलं.

"क्रेट वीसचं. अर्धं क्रेट कोण देतं यार्डात?"

ते खरंच होतं. गाळ्यावर क्रेट फोडून देत नाहीत, घ्यायचं तर पूर्ण. माझ्या सगळ्या भागाकाराला तिथे भिंत होती. पण टेम्पोत आमच्याबरोबर मावशींचा माल यायचा, चौकापलीकडे त्यांची पाटी. त्याही दसऱ्यापासून सीताफळावरून कुरकुरत होत्या. अण्णांनी घरी पोचण्याआधी त्यांच्या दारावर थाप मारली. मावशी आतूनच ओरडल्या, "अर्धं ना? चालेल. पण वरचा थर मी घेणार."

"वरचा तुमचा," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "लिही. सीताफळ, दहा किलो, तळचं."